रेझ्युमेत वर काय हवं: कलेक्शन की टेक पॅक?

शाहूपुरीची डिझायनर: फॅशन डिझाइनचा डिप्लोमा करून चार वर्षं राजारामपुरीतल्या एका लहान लेबलकडे काम केलं. कुर्ते आणि को-ऑर्ड सेट. कापड इचलकरंजीहून आणायचो, शिवण जॉबवर्कवर. आता पुण्या-मुंबईच्या ब्रँडमध्ये इन-हाउस जागांसाठी अर्ज करतेय. रेझ्युमेत वर कलेक्शन ठेवू, की मापं आणि शिवणाच्या सूचनांचे टेक पॅक, कापड खरेदी आणि प्रॉडक्शनचं काम? प्रॉडक्शनबद्दल सध्या 'फॉलोअप सांभाळला' एवढी एकच ओळ आहे.

मुंबईत इन-हाउस: कलेक्शनच वर. रेझ्युमे शेवटी डिझाइन हेडच्या टेबलावर येतो आणि तिला आधी तुझी नजर बघायची असते. पण 'समर कलेक्शन डिझाइन केलं' यातून काही कळत नाही. किती स्टाईल काढल्या, त्यातल्या किती सँपलला गेल्या आणि किती खरोखर प्रॉडक्शनला लागल्या, हे तीन आकडे लिही. काढलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त दुकानात गेल्या असतील, तर विकता येईल असं डिझाइन तुला जमतं हे तिथेच दिसतं. स्केचेस सगळेच काढतात.

गारमेंट युनिटमध्ये १८ वर्षं: स्टाईलच्या आकड्यांचं पटलं, क्रमाचं नाही. लहान लेबलकडून आलेल्या मुलीबद्दल ब्रँडला एकच शंका असते: हिला ६०० नगांची ऑर्डर पेलेल का? मूडबोर्ड बघून ती शंका जात नाही. ताई, कापडाने किंवा मापाने दगा दिला आणि तुम्ही तो कटिंगच्या आधी पकडला, असं कधी झालंय का? असेल तर सविस्तर सांगा. तुमचा रेझ्युमे तिथे आहे.

राजारामपुरीतून: नोकरीच्या मागे कशाला लागतेस गं? चार वर्षांत गिऱ्हाईक ओळखीचं झालंय, छोटा गाळा घे. लग्नसराईत ब्लाउजवरच भागतं. मी तसंच केलं.

शाहूपुरीची डिझायनर: काकू, दुकान सध्या नको, मला मोठ्या टीममध्ये काम करायचंय.

दादा, एकदा झालंय. ६० काउंटच्या केंब्रिकचा कुर्ता, ६०० नग, तयार लांबी ४४ इंच. प्रॉडक्शनआधीचं पीपी सँपल मंजूर झालं होतं. मी ते घरी नेऊन धुतलं तर लांबी ४२ च्या खाली आली. मग कटिंग थांबवून कापडाची चाचणी घेतली आणि पॅटर्न वाढवला. मालक चिडले, कारण माल चार दिवस उशिरा गेला. म्हणून रेझ्युमेत हे घालायचं धाडसच झालं नाही.

इचलकरंजीकर, कापडवाला: मालक चिडणारच की! पण पोरीनं बरोबर केलं. ग्रे कापड प्रोसेसला जातं तेव्हा लांबीत ताणून काढलेलं असतं, पाणी लागलं की ते जाग्यावर येतं. कापड आधीच आटवून, म्हणजे सॅन्फोराइझ करून घेतलं असतं तर आटणं बरंच कमी झालं असतं, पण त्याचे पैसे मोजायला लहान पार्ट्या तयार नसतात. एक सांग, सगळे ताके सारखे आटले का? एकाच लॉटमध्ये पण फरक पडतो बघ.

शाहूपुरीची डिझायनर: नाही ना, तिथेच घोळ होता. १४ ताके होते. प्रत्येकातून तुकडा कापून त्यावर ५० सेंटीमीटरचा चौकोन आखला, लेबलवर लिहिणार होतो तसाच धुतला, वाळवला, इस्त्री करून मोजला. ११ ताक्यांत उभ्या धाग्याकडे ४७.५ भरले, म्हणजे ५ टक्के. बाकी ३ ताक्यांत ४६.५, म्हणजे ७ टक्के. पन्ह्याकडे फारसा फरक नव्हता. ते ३ ताके मास्टरनी वेगळे लावले आणि वेगळ्या पॅटर्नवर कापले.

गारमेंट युनिटमध्ये १८ वर्षं: हे वाचून बरं वाटलं. ५ टक्क्यांना ४४ भागिले ०.९५, म्हणजे पॅटर्नवर साधारण ४६.३ इंच लागतात आणि ७ टक्क्यांना ४७.३. एकाच पॅटर्नवर सगळं कापलं असतं तर पहिल्या धुण्यानंतर एकाच साइझच्या दोन कुर्त्यांत जवळपास इंचाचा फरक पडला असता. लांबीचा टॉलरन्स साधारण अर्धा इंच असतो, तेव्हा हा माल तक्रारीतच आला असता. आणि धुण्याआधी तपासणीत तो सापडला नसता, कारण दोन्ही कुर्ते सारख्याच लांबीचे दिसले असते.

एका कुर्त्यामागे कापडाचा ॲव्हरेज किती वाढला? त्या वेळी टेक पॅकमध्ये काय बदललं? ब्रँडमधला माणूस हे दोन प्रश्न विचारणारच.

शाहूपुरीची डिझायनर: ॲव्हरेज २.२ मीटरवरून २.३ झाला, ६०० नगांना ६० मीटर कापड जास्त लागलं. टेक पॅकमध्ये आधी फक्त तयार मापं होती. त्यानंतर प्रत्येक स्टाईलला धुण्याआधीचं आणि धुतल्यानंतरचं असे दोन रकाने केले. छाती काखेच्या एक इंच खाली मोजायची, हेही लिहायला लागले, कारण जॉबवर्कवाले काखेलाच टेप लावायचे आणि आमचं माप जुळायचं नाही.

पुण्याहून, रिक्रूटमेंट: रेझ्युमे एका पानाचा हवा आणि प्रत्येक ओळीत टक्केवारी हवी. 'कापडाचा खर्च ३० टक्के कमी केला' असं काहीतरी लिहा. आम्ही आधी आकडे आणि 'टेक पॅक', 'सोर्सिंग' असे शब्दच शोधतो.

गारमेंट युनिटमध्ये १८ वर्षं: एका पानाचं आणि शब्दांचं बरोबर आहे, ते शब्द असूच देत. पण ३० टक्के आणायचे कुठून? इथे कापड ६० मीटर वाढलंय, खर्च वाढलाय, आणि तरी काम चोख झालंय. मुलाखतीत कुणी 'कशाच्या ३० टक्के?' विचारलं की पोरगी अडकेल. आकडा तिला स्वतःला मांडून दाखवता येईल असाच हवा.

मुंबईत इन-हाउस: केस भारी आहे, मान्य. तरी मला ती कलेक्शनच्या खालीच हवी. सगळी ओळख 'कापड आटलं' अशी झाली तर तुला मर्चंडायझिंगला बसवतील. माझ्या एका मैत्रिणीचं तसंच झालं, तीन वर्षांत एक स्केच काढायला मिळालं नाही.

सांगलीहून: सोबत टेक पॅक जोडणार असशील तर जपून. मी जुन्या कंपनीचा जसाच्या तसा जोडला होता, कॉस्टिंगच्या पानासकट. समोरच्या बाईंनी एवढंच विचारलं, 'आमचाही असाच दुसऱ्यांना दाखवाल का?' मुलाखत तिथेच संपली. आता स्वतःच्या मनाने काढलेल्या कुर्त्याचा नवा टेक पॅक बनवून तोच दाखवते.

शाहूपुरीची डिझायनर: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन रकान्यांचा टेक पॅक नव्या स्टाईलवर बनवते. आत्ता एवढं लिहिलंय, बघा:

'एका सीझनला २४ स्टाईल डिझाइन, १५ प्रॉडक्शनला. सर्व टेक पॅक स्वतः तयार केले: मापं, टॉलरन्स, धुण्याआधी-नंतरची लांबी.

६० काउंट केंब्रिक कुर्ता, ६०० नग: १४ ताक्यांची धुलाई-चाचणी कटिंगपूर्वी घेतली. ७ टक्के आटणारे ३ ताके वेगळ्या पॅटर्नवर कापून घेतले. ॲव्हरेज २.२ वरून २.३ मीटर. डिलिव्हरी ४ दिवस उशिरा, लांबीची एकही तक्रार नाही.'

इचलकरंजीकर, कापडवाला: झकास. पुढच्या खेपेला चाचणी ताके उतरवल्या दिवशीच घे, म्हणजे ते चार दिवस पण वाचतील.

मुंबईत इन-हाउस: 'चार दिवस उशिरा' काढून टाक. विचारलं तर सांग.

गारमेंट युनिटमध्ये १८ वर्षं: मी ठेवलं असतं. ते वाचूनच मी तिला बोलावलं असतं.