मदत हवी आहे: आईचा एम-स्पाइक खरंच वाढलाय की लॅब बदलल्याचा फरक?

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, आम्ही पंचवटीत राहतो. मार्चमध्ये ईएसआर जास्त आला म्हणून सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस केलं. एम-स्पाइक, म्हणजे एकाच प्रकारच्या अँटिबॉडी प्रोटीनचा आलेखावरचा उंचवटा, डेसिलिटरला ०.८ ग्रॅम, प्रकार आयजीजी कप्पा, फ्री लाइट चेनचा रेशो १.२ म्हणजे नॉर्मल. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, एमजीयूएस आहे, म्हणजे रक्तात असं प्रोटीन थोडं जास्त आहे, पण कॅन्सर नाही, औषध काही नाही. असे शंभर जण घेतले तर वर्षाला साधारण एकाचं मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये किंवा तत्सम आजारात रूपांतर होतं. आईचा धोका त्याहूनही कमी, कारण स्पाइक दीडच्या आत, प्रकार आयजीजी आणि रेशो नॉर्मल. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, स्थिर असेल तर मग दोन-तीन वर्षांनी एकदा.

आता सप्टेंबरमध्ये भावाने आईचं रक्त घराजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये तपासायला दिलं (पार्किंग मिळतं म्हणून!) आणि आकडा आला १.१. टक्क्यांत बघितलं तर जवळजवळ चाळीस टक्के वाढ, आई रात्रभर जागी. पण मी वाचलंय की निदान अर्ध्या ग्रॅमची वाढ असल्याशिवाय ती खरी धरत नाहीत, आणि आलेखावर स्पाइकची हद्द प्रत्येक लॅब थोडी वेगळी आखते. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे.

कुणाला असा अनुभव आहे का? जुन्याच लॅबमध्ये लगेच पुन्हा केलंत की थांबलात? आणि नाशिकमध्ये आलेखासकट रिपोर्ट कुठे देतात?