परदेशवारी, रजेचा अर्ज आणि एनओसी : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
शाळेतल्या नव्या मॅडमनी आज विचारलं, "ताई, तुमचा तो अमेरिकेचा अर्ज आहे का अजून?" आणि सगळं आठवलं. मी जिल्हा परिषदेत शिक्षिका. लेकीकडे मे महिन्याच्या सुट्टीत जायचं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, सुट्टीच आहे, परवानगी कशाला? केंद्रप्रमुखांनी सांगितलं, शाळेला सुट्टी असली तरी तुम्ही नोकरीत आहात, देश सोडायला परवानगी लागतेच. मग अर्ज योग्य मार्गाने निघाला : मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि तिथून वर. तालुक्याला फाइल अडली. "आधी व्हिसा दाखवा, मग परवानगी." आणि आमचे एजंट म्हणत होते, आधी एनओसी आणा, मग व्हिसा! शेवटी तिथल्याच एका वयस्कर बाईंनी सुचवलं की एकाचे दोन अर्ज करा. पहिला फक्त मुलाखतीचा : बोटांचे ठसे आणि मुलाखत अशा दोन दिवसांची नैमित्तिक रजा, मुख्यालय सोडण्याची परवानगी, सोबत अपॉइंटमेंटची प्रिंट. तो मुख्याध्यापकांच्या पातळीवरच मिटला. दुसरा प्रवासाचा, त्यात "व्हिसा मिळाल्यास" हे दोन शब्द आणि अंदाजे तारखा. त्या दोन शब्दांनी फाइल हलली.
तुमचेही अनुभव लिहा.

खान्देशी_तडका
एनओसी नसेल तर बीकेसीला गेटवरूनच परत पाठवतात. आमच्या साडूंच्या ओळखीतल्यांचं झालंय असं.

इंद्रायणी
@खान्देशी नाही हो. गेटवर पासपोर्ट आणि अपॉइंटमेंटचा कागद बघतात, तुमच्या साहेबांचं पत्र कोण मागतंय! बाबा बँकेत होते तेव्हा एवढी जाडजूड फाइल घेऊन गेले होते. खिडकीतल्या माणसाने विचारलं मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, परत येऊन काय करणार. झालं. फाइल उघडलीसुद्धा नाही, बाबा आठवडाभर नाराज.

खान्देशी_तडका
मग साडूंच्या ओळखीतल्यांना का परत पाठवलं?

इंद्रायणी
ते साडूंना विचारा 😄

टेबल_नंबर_तीन
आस्थापना शाखेत आयुष्य गेलं, म्हणून थोडं लिहितो. इंद्रायणींचं बरोबर आहे, अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला मुलाखत महत्त्वाची, पत्र कोणी न बघता व्हिसा होतो. पण सरकारी माणसाला परवानगी व्हिसासाठी नव्हे, स्वतःच्या खात्यासाठी लागते. न घेता गेलात आणि कोणी तक्रार केली तर परत आल्यावर खुलासा देत बसाल.
अर्ज आमच्या टेबलावर आला की आम्ही काय बघायचो? देश कोणता, कारण काय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रजा कोणती आणि खात्यावर शिल्लक आहे का, खर्च कोण करणार, विभागीय चौकशी चालू आहे का. शेवटी एक हमी : तिकडे नोकरी धरणार नाही आणि मंजुरीशिवाय मुक्काम वाढवणार नाही. यातलं एक जरी राहिलं तरी फाइलवर शेरा पडतो आणि ती उलट्या वाटेने खाली येते. खर्चाची ओळ लोक हमखास गाळतात. "प्रवासखर्च मुलगी व जावई करणार आहेत" एवढं लिहायला काय जातं? आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सोनचाफा
रजा कोणती हे शिक्षकांना कसं लागू? आम्हाला अर्जित रजा कुठे असते एवढी. नणंदेला जूनमध्ये परत यायला उशीर होणार होता, तिला अर्धपगारी घ्यावी लागली.

टेबल_नंबर_तीन
@सोनचाफा म्हणूनच शिक्षकांनी सुट्टीच्या आत बसवावं. सुट्टीच्या पुढे गेलेला प्रत्येक दिवस वेगळा मंजूर करून घ्यावा लागतो.

भटक्या_विमुक्त
खाजगीवाल्यांचं ऐका आता. शेंगेनला मात्र हे पत्र लागतंच, यादीतच असतं. आमच्या एचआरने छापील मजकूर दिला : "श्री. अमुक आमच्याकडे नोकरीस आहेत, त्यांच्या प्रवासास आमची हरकत नाही." व्हीएफएसच्या काउंटरवरच्या मुलीने पत्र परत सरकवलं. म्हणाली, रजा मंजूर झाली असं कुठे लिहिलंय? हरकत नसणं वेगळं, रजा मंजूर असणं वेगळं. दुसऱ्या पत्रात रजा 12 ते 22 मे आणि माझं परतीचं विमान 23 चं! तिसऱ्यात कुठे नीट आलं : हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगार, 12 ते 24 मे मंजूर रजा, 25 ला कामावर हजर होणार. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन आणि शिक्का. लेटरहेडवर. नाव पासपोर्टवर आहे तस्सं. एचआरच्या यादीत माझं आडनाव आधी येतं, तेही बदलून घेतलं.
तिकीट विकत घेऊ नका, आरक्षण पुरतं. आणि प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी अर्ज जायला हवा, हे साहेबाला दाखवा म्हणजे सही लवकर होते.

चिंचगुळ
आमच्या सोसायटीने एनओसी द्यायला दोन महिने लावले, पार्किंगची थकबाकी दाखवत होते. कुठे तक्रार करायची?

भटक्या_विमुक्त
@चिंचगुळ काकू, हा परदेशाचा धागा आहे 🙏

चिंचगुळ
अय्या हो का. बरं, मग लोणचं नेता येतं का सामानात? सून कैरीचं मागतेय.

रानजाई
@चिंचगुळ तेल गळणार नाही असं घट्ट बांधा आणि मोठ्या बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत अडवतात. तिकडे उतरल्यावर खाण्याचं सामान आहे हे सांगून टाका.

गणपुले_वाडा
माझा नवरा पाटबंधारे खात्यात. पासपोर्टच्या वेळी खात्याची एनओसी काढली होती. तीच झेरॉक्स आता चालेल ना?

टेबल_नंबर_तीन
@गणपुले_वाडा नाही. ती पासपोर्ट काढायला होती. पासपोर्टसाठी हल्ली बरेच जण अनेक्शर एच भरून खात्याला फक्त आगाऊ कळवतात, एनओसीची वाट बघत नाहीत. देशाबाहेर जायची परवानगी हा निराळा विषय, दर प्रवासाला नवी.

इंद्रायणी
आमच्या भावाला साहेब म्हणाले, रजा देतो पण लेटरहेडवर लिहून देणार नाही, कंपनीचं धोरण नाही. काय करावं? पुढच्या महिन्यात फ्रान्सची अपॉइंटमेंट आहे.

भटक्या_विमुक्त
रजा मंजुरीचा ईमेल, पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र आणि वर भावाचंच एक पत्र की कंपनी असं देत नाही. एका मित्राचं यावर झालं, दुसऱ्याचं नाकारलं. खात्री कोण देणार.

फाटका_छत्रीवाला
माझा स्वतःचा छापखाना. एजंट म्हणाला मालकाची एनओसी आणा. मीच मालक, मीच नोकर! स्वतःला रजा मंजूर केली, स्वतःच शिक्का मारला. बायको म्हणाली, एवढी शहाणी रजा तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा दिलीत.

भटक्या_विमुक्त
😂 तुम्हाला ते पत्र नकोच. धंद्याचं नोंदणीपत्र आणि आयकर विवरणपत्रं जोडा.

सोनचाफा
@रानजाई हमीपत्र स्टॅम्पवर दिलंत का साध्या कागदावर? आता शंभरचा स्टॅम्प चालत नाही म्हणे, पाचशेचा घ्या सांगतात.

रानजाई
आमच्या वेळी शंभरचा होता. मैत्रिणीकडे दुसऱ्या तालुक्यात साध्या कागदावर घेतलं. @टेबल_नंबर_तीन तुम्ही सांगा.

टेबल_नंबर_तीन
ज्या टेबलावर अर्ज द्यायचाय तिथेच विचारा. आधी विकत घेऊ नका, बाई, पाचशे रुपये आहेत.

चिंचगुळ
लोणच्याची बरणी काचेची की प्लास्टिकची?