भरल्या सभेआधी टोमणा एका मित्राला ऐकवून पाहावा का?

राळेगावकर (विचारणा):
आमच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक महिनाअखेर निवृत्त होत आहेत. समाजमंदिरात दीडेकशे लोक असतील आणि सरांची जाहीर फिरकी घेणारे पाच मिनिटांचे भाषण माझ्याकडे आले आहे. सरांची त्याला संमती आहे. त्यातला सगळ्यात जोरदार विनोद आधी एका विश्वासू मित्राला ऐकवावा, की तो ताजाच ठेवावा?

झाडीतला सूत्रधार:
ऐकवावा, परंतु मित्र हसतो की नाही, हे पाहण्यासाठी नव्हे. एकटा माणूस सभेसारखा हसत नाही. सभेत शेजारचा हसला म्हणून आपण हसतो, आणि चहाच्या टपरीवर शेजारी कोणीच नसतो, त्यामुळे चांगल्या विनोदावरही मित्र नाकातून श्वास सोडून मोकळा होतो. एकट्या मित्राकडून दोनच गोष्टी कळतात: गोष्ट समजली का, आणि कुठे दुखले का.

माझाच एक प्रसंग सांगतो. एका शिक्षकांच्या निरोपसमारंभासाठी मी लिहिले होते: "सर वीस वर्षे लुनावर शाळेत आले असे सगळे म्हणतात, पण आम्ही पाहिले तेव्हा अर्ध्या वाटेत लुनाच सरांवर येत होती. तरी सरांनी नवी गाडी काही घेतली नाही." हे मी त्यांच्याच गावच्या एका मित्राला, 'बघ कसे वाटते' असे काहीही न म्हणता, बांधावरून चालता चालता ऐकवले. पहिल्या वाक्यावर त्याच्या ओठांना हसू फुटले, दुसऱ्यावर ते थांबले आणि तो कपाशीकडे पाहू लागला. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, "गाडीचं नको काढू भाऊ. भावाच्या कर्जाला जामीन राहिले होते ते, हप्ते त्यांनीच भरले." सभेत तो भाऊ पहिल्या रांगेत बसणार होता. मला यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि घरी बसून शंभर वेळा वाचले असते तरी ते कळले नसते.

दुसऱ्या दिवशी मी त्यालाच तो विनोद परत सांगायला लावला. तो म्हणाला, "अर्धा रस्ता लुनावर सर, अर्धा रस्ता सरांवर लुना." माझ्या वाक्यात शेवटी 'येत होती' हे क्रियापद लोंबत होते, त्यामुळे लोक हसू लागले असते तेव्हा मी बोलतच राहिलो असतो. त्याने क्रियापद गाळले आणि हशाचा शब्द आपोआप शेवटी आला. सभेत मी त्याचेच वाक्य वापरले. ऐकणारा परत सांगताना जे विसरतो ते बहुधा अनावश्यक असते. आणि त्याला स्वतःच्या पदरची माहिती घालावी लागली, तर सभेला ती माहिती नाही असे समजावे.

पोळ्याचा गडी:
सूत्रधारभाऊ, तुमचा अनुभव मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असतात तेव्हा झडत्या म्हटल्या जातात. पाटलापासून सोसायटीच्या संचालकापर्यंत सगळ्यांची त्यात हजेरी घेतली जाते, आणि एकाने झडती टाकली की दुसऱ्या बाजूने जागच्या जागी उत्तर येते. ते कोणी आदल्या रात्री मित्राला ऐकवून येत नाही. शिवाय गाव लहान आहे. सकाळी एकाला सांगितलेले संध्याकाळी पारावर पोहोचते आणि ज्याच्यावर विनोद आहे तोच तुम्हाला विचारतो, "काहून बे, लुनाचं काय म्हणत होता?" मग सभेत काय उरले?

झाडीतला सूत्रधार:
झडतीच्या शेवटी 'हर बोला हर हर महादेव' असा गजर होतो आणि झालेली टीका त्यात विरघळते. वर समोरच्याला उत्तर द्यायची मोकळीक असते. निरोपसमारंभात हार गळ्यात घेतलेले सर खुर्चीत बसून राहतात, उत्तर द्यायला त्यांच्या हाती माइक नसतो. गळतीचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. मी एकालाच सांगतो आणि शक्यतो आदल्या दोन-तीन दिवसांतच सांगतो.

वर्ध्याचा पोरगा:
एवढा विचार कशाला? मी विनोद आवाजी संदेशाने मित्राला पाठवतो. हसण्याच्या चार इमोजी आल्या की विनोद पक्का, नाही आल्या की काढून टाकतो. गेल्या गणपतीत असेच केले आणि चालून गेले.

झाडीतला सूत्रधार:
काढून टाकण्याची तयारी ही तुमची जमेची बाजू आहे. परंतु इमोजी टाकताना त्याचा चेहरा क्षणभर उतरला होता का, हे तुम्हाला दिसत नाही, आणि मला तर तेवढेच पाहायचे असते. जिवलग मित्र वाईट विनोदालाही चार इमोजी टाकतो.

दारव्ह्याच्या बाई:
मला वाटते मूळ प्रश्न परवानगीचा आहे. माझ्या बदलीच्या वेळी सहकाऱ्यांनी मला विचारून माझी फिरकी घेतली होती आणि मी आनंदाने होकार दिला होता. वक्त्याने विनोद आधी मित्राला ऐकवलाही होता, हे नंतर कळले. तरीही 'बाई बस पकडायला धावतात तशा वर्गाकडे कधी धावल्या नाहीत' हे वाक्य मला लागले. मी बससाठी का धावत होते, तर घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. स्टाफरूममधल्या कोणत्याही बाईला ते ठाऊक होते, पण ऐकवले कोणाला, तर शेजारच्या टेबलावरच्या, त्याच्याच वयाच्या मित्राला. तो खो खो हसला म्हणे.

पोळ्याचा गडी:
बाई, तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. चाचणी झाली, तरी घात झालाच.

झाडीतला सूत्रधार:
चाचणी चुकीच्या माणसावर झाली. बाई परवानगीचे म्हणतात, तर परवानगी फिरकी घेण्याची असते. कोणत्या गोष्टीची फिरकी, हे त्यात ठरलेले नसते. म्हणून श्रोता माझा मित्र असण्यापेक्षा ज्याच्यावर विनोद आहे त्याच्या घरात उठबस असलेला हवा. फक्त असा माणूस फार जपतो आणि निरुपद्रवी वाक्यसुद्धा 'नको' म्हणतो. तेव्हा 'सांगू की नको' असे न विचारता 'यातून सर कसे माणूस वाटतात?' असे विचारावे. 'हट्टी' किंवा 'काटकसरी' असे उत्तर आले तर चालेल. 'बिचारे' आले तर ते वाक्य मी कापतो.

वर्ध्याचा पोरगा:
आणि 'कंजूष' आले तर?

झाडीतला सूत्रधार:
सर स्वतः आपल्या कंजूषपणाच्या गोष्टी सांगत असतील तर ठेवा. ते सांगत नसतील, तर मी अजूनही दर वेळी अडखळतो.

राळेगावकर:
काल सरांच्या शाळेतल्या शिपाईकाकांना ऐकवले. विनोद असा होता की सर प्रार्थनेला दोन मिनिटे आधी घंटा वाजवतात, त्यामुळे गावातली घड्याळे कायम मागे पडलेली दिसतात. काका हसले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "घंटा सर नाही, मी वाजवतो." सर कसे वाटतात, हे विचारायचे राहूनच गेले. आता विनोद सरांवरचा ठेवावा की काकांना विचारून त्यांच्यावरचा करावा, या विचारात आहे, आणि काकांनी तो आतापर्यंत सरांना सांगितला असेल याचीही धास्ती आहे.

पोळ्याचा गडी:
सांगितलाच असेल.