ऑनलाइन अंगठी आणि मापाचा घोळ: तुमचे अनुभव लिहा

स्नेहलता, इंदूर: भाचीच्या साखरपुड्याला ऑनलाइन अंगठी मागवली. सराफ्यातल्या सोनारानं माप १२ सांगितलं होतं, तेच टाकलं. आलेली अंगठी तिच्या अंगठ्यातही सैल! परत पाठवून दुसरी येईपर्यंत साखरपुडा उरकला. नंबरावरून आतला घेर मिलिमीटरमध्ये कसा काढायचा? तुमच्या बाबतीत असं झालंय का?

मांडवीकर, वडोदरा: आमचं दुकान आहे, म्हणून सांगतो. नंबर कुठल्या देशाचा, हे आधी बघावं. आपल्याकडच्या नंबरात ४० मिळवले की आतला घेर मिळतो. १२ म्हणजे साधारण ५२ मिमी. अमेरिकन १२ चा घेर मात्र ६७ मिमीच्या आसपास जातो. तुमच्या भाचीला अमेरिकन ६ लागला असता. साइटवर नुसता नंबर दिसला तर शेजारचा मिमीचा तक्ता उघडा आणि घेरावरूनच निवडा.

वैशाली, ग्वाल्हेर: मी बोटाला दोरा गुंडाळून पट्टीवर मोजते. ५४ आला की १४ मागवते, कधी चुकलं नाही.

मांडवीकर, वडोदरा: वैशालीताई, हिशोब बरोबर, पण दोरा ताणला जातो आणि अंगठी पेरावरून उतरायला हवी, ते दोरा सांगत नाही. त्यापेक्षा नीट बसणारी अंगठी घ्या आणि आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. परवा एक गिऱ्हाईक २० मिमी मोजून आलं. त्यांनी बाहेरून मोजलं होतं. व्हर्नियरनं आतून १७.२ भरलं. गुणिले ३.१४, म्हणजे ५४. वजा ४०, म्हणजे १४. बाहेरच्या मापानं जवळजवळ ६३ घेर, म्हणजे २३ नंबर झाला असता. घरच्या पट्टीवर अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी घेरात दीड मिमीचा फरक पडतो, म्हणजे दीड नंबर. म्हणून दोनतीनदा, वेगवेगळ्या बाजूंनी मोजा. जुनी अंगठी बहुतेक वेळा चेपलेली असते.

सुलभाकाकू, इंदूर: माझ्या बांगड्या दोन-सहा आहेत. त्यातही ४० मिळवायचे का?

मांडवीकर, वडोदरा: नाही काकू, बांगडीचं माप आतल्या व्यासाचं, इंचात असतं. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, साधारण ६० मिमी व्यास.

निखिल, ग्वाल्हेर: माझी रोजची अंगठी १८ ची, पातळ. त्याच मापाची आठ मिमी रुंद पट्टी मागवली, तर दुपारपर्यंत बोट तांबडं. घेर ५८ च होता, मोजून पाहिला. रुंद पट्टीला किती वाढवायचं?

मांडवीकर, वडोदरा: मी एक नंबर वाढवून देतो.

स्नेहलता, इंदूर: आमचा सोनार अर्धाच पुरे म्हणतो. आणि बोट सकाळचं मोजायचं की संध्याकाळचं?

वैशाली, ग्वाल्हेर: संध्याकाळचं. सकाळी थंडीत माझी १४ नंबरची गरागरा फिरते. आज आतून मोजून बघते.