उत्तर: जवळ नेल्यावर फोटो धूसर का?

>> "फुलाच्या अगदी जवळ फोन नेला की सगळं धूसर. लेन्स गेली का?"

लेन्स ठणठणीत असणार, तिला सरकायला जागा कमी पडतेय. वस्तू जवळ आली की फोकससाठी लेन्स सेन्सरपासून पुढे सरकावी लागते. मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ साधारण 7 मिमी धरली, तर 20 सेंमीवरच्या वस्तूसाठी ती पाव मिलिमीटर सरकली तरी पुरते. 5 सेंमीसाठी मात्र मिलिमीटरभराहून जास्त, आणि फोनमधल्या इवल्याशा मोटरला तेवढी धाव नसते. फोकससाठी 'स्क्रीनवर टॅप करा' हा सल्ला म्हणूनच इथे चालत नाही.

फोनमधल्या दुसऱ्या, जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या अल्ट्रावाइड लेन्सची फोकल लेंग्थ 2 मिमीच्या आसपास, त्यामुळे ती पाव मिलिमीटरमध्येच 2 सेंमीवर पोचते. बरेच फोन मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळच्या फोटोसाठी, गुपचूप तिच्यावर उडी मारतात ते यासाठीच. फक्त तिला ऑटोफोकस हवा. स्वस्त फोनमध्ये बहुधा नसतो. खात्री करायची तर जवळ गेल्यावर अल्ट्रावाइडवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर फोन मुख्य लेन्सवरच अडलाय.

वेताळ टेकडीवर पहिल्या पावसात मृगाचे किडे निघतात, त्यांच्यासाठी मी मॅक्रो वापरतच नाही. 2 सेंमीवर फोनचीच सावली किड्यावर पडते. त्यापेक्षा वीतभर मागे सरून 2x ठेवते. किडा थोडा लहान दिसतो, पण अंगावरची लाल मखमल नीट येते.