कॅल्शियम नॉर्मल, पण पीटीएच ११८: गळ्याची सोनोग्राफी करावी का?

केळीबाग (प्रश्न): आई ६६ वर्षांची, आम्ही रावेर तालुक्यातले. ओट्यावरून घसरून मनगट मोडलं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मणक्याचा टी-स्कोर उणे २.९, म्हणजे हाडं ठिसूळ. रक्तात व्हिटॅमिन डी ११, कॅल्शियम ९.०, आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन पीटीएच ११८ (लॅबची मर्यादा ६५). एक नातेवाईक म्हणतात गळ्यात या ग्रंथीची गाठ असेल, लगेच सोनोग्राफी करा. दुसरे म्हणतात कॅल्शियम नॉर्मल आहे, मग गोळ्या कशाला? काय करू?

एरंडोलकर: दुसऱ्यांचं बरोबर आहे. रक्तात भरपूर कॅल्शियम असताना वरून गोळ्या टाकल्या तर मुतखडा ठरलेला. आपल्याकडे उन्हाची काय कमी भाऊ? सकाळी अर्धा तास अंगणात बसवा, दूध-ताक द्या, झालं.

तापीकाठ: मी फिजिशियन आहे. एरंडोलकर, दूध-ताकाचं पटलं, बाकीचं नाही. रक्तातलं कॅल्शियम ९ आहे याचा अर्थ हाडात ते पुरेसं आहे असा होत नाही. डी कमी असलं की आतडं जेवणातलं कॅल्शियम नीट उचलत नाही. रक्तातली पातळी घसरू नये म्हणून पीटीएच वाढतं आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. यांचा ९ हा आकडा हाडांच्या खर्चावर टिकलाय. डी ११ असताना पीटीएच ११८ दिसलं, तर पहिला संशय या भरपाईचाच धरायचा.

गाठीमुळे पीटीएच वाढतं तेव्हा कॅल्शियम बहुधा १०.५ च्या वर असतं. सोनोग्राफी हे निदान करत नाही. निदान रक्तावर ठरतं आणि ऑपरेशन करायचं असेल तेव्हा गाठ नेमकी कुठे ते सोनोग्राफी दाखवते. आधी केली तर थायरॉइडची एखादी निरुपद्रवी गाठ सापडेल आणि घर घाबरेल. त्याऐवजी रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघा. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, आणि किडनी मंदावली तरी पीटीएच वाढतं.

सातपुडा_माय: माझ्या नणंदेलाही असंच सांगितलं होतं, डी भरा म्हणून. भरल्यावर कॅल्शियम ११.२ झालं आणि शेवटी गाठच निघाली. ऑपरेशन झालं, आता बरी आहे. म्हणून सांगते, सोनोग्राफी करून टाका.

तापीकाठ: ताई, तुमच्या नणंदेचं उदाहरण खरंच महत्त्वाचं आहे. डीची कमतरता गाठ झाकून ठेवते, भरल्यावर ती उघडी पडते. म्हणूनच ६०,००० युनिटचं डी३ आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, जेवणानंतर द्यायचं आणि साधारण तीन महिन्यांनी तिन्ही तपासण्या पुन्हा करायच्या. डी तिशीत आलं, कॅल्शियम जागेवर राहिलं आणि पीटीएच उतरलं, तर विषय तिथे संपला. कॅल्शियम चढलं आणि पीटीएच वरच राहिलं, तर मग गाठीच्या मागे लागायचं. एक काळजी घ्या: हे पाकीट रोज घेणारे पेशंट मी पाहिलेत. कॅल्शियम इतकं चढतं की उलट्या, भ्रम आणि किडनीला इजा होते.

एरंडोलकर: आणि ऊन? जळगावचं ऊन ४५ अंशांवर जातं.

तापीकाठ: म्हणूनच त्या वेळी आपली माणसं घरात असतात, बाहेर पडली तरी डोक्यावर पदर, अंगभर कपडे. सकाळच्या तिरप्या उन्हात डी फारसं बनत नाही आणि वयानुसार कातडीची ताकदही घटते. खड्याबद्दल: जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, त्यामुळे दूध-दही बंद करू नका. गोळीही जेवणासोबतच घ्या. मात्र आधी खडा झालेला असेल तर डॉक्टरांना सांगा.

केळीबाग: आईचं जेवण सांगतो. दोन कप चहा, एक वाटी दही, कळण्याची भाकरी, वरण, भाजी. केळी तर घरचीच.

तापीकाठ: केळ्यात कॅल्शियम नगण्य, भरताच्या वांग्यातही तेच. तुमच्या हिशेबाने दिवसाला साडेचारशे-पाचशे मिलिग्रॅम पडतं, या वयाला १,००० ते १,२०० लागतं. एक पेला दूध वाढवलं की तीनशे मिळतं. दह्याची दुसरी वाटी आणि आठवड्यात काही दिवस नाचणीची भाकरी चालू करा. उरलेल्यासाठी ५०० ची एकच गोळी पुरे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये चार तास ठेवा.

हाडवैद्य_धुळे: मी ऑर्थोपेडिक आहे. तीन महिने थांबणं मला पटत नाही. हाड आधीच मोडलंय, पुढचं खुब्याचं मोडेल. हाडाचं औषध डीबरोबरच सुरू करावं.

तापीकाठ: हाडाच्या औषधाच्या आठवड्याला एक घ्यायच्या गोळीबद्दल मी फार वाद घालणार नाही. पण वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनेट डी ११ वर नको. ते हाडातून कॅल्शियम निघणं एकदम थांबवतं, आतड्यातून ते येत नसतंच, मग कॅल्शियम कोसळून हातापायाला पेटके येतात. आधी निदान काही आठवडे डी भरू द्या.

हाडवैद्य_धुळे: इंजेक्शनबाबत मान्य. गोळी मात्र मी पहिल्या दिवसापासूनच देईन.

केळीबाग: उद्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनला रक्त देतो. रिपोर्ट इथेच टाकतो. सोनोग्राफी सध्या थांबवली.