प्रतिसाद : मागच्या रांगा मागे का पडतात?

> "ताशे नीट वाजत असताना मागचे ढोल मागे का पडतात?"

कानावर वाजवतात म्हणून. आमच्या पुण्यातल्या पथकात ताशा दोन काड्यांनी तर्री म्हणजे सलग बारीक ठोके धरतो, त्याखाली टोल ही धातूची थाळी मोजके ठोके देते आणि ढोल त्या ठोक्यांवर बसतो: एका बाजूच्या पानावर टिपरू, दुसऱ्यावर हाताची थाप. हात म्हणजे वाजवायचा ठेका बदलायचा तर ताशाच आधी तोडा देतो, ढोल त्यानंतर उचलतात.

आता हिशोब बघा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पथक 34 मीटर लांब पसरलं, तर शेवटच्या ढोलाला ताशा 0.1 सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला 120 ठोक्यांची लय असेल, तर एका ठोक्याचा पाचवा भाग गेला! त्याचा आवाज पुढे परत यायला आणखी तेवढाच वेळ. मग एकच ठोका 'धड्-धड्' असा फुटतो, आणि पुढचे ताशेवाले गोंधळून लय ओढतात.

आम्ही मधे एकजण उभा करतो, तो पुढच्या टोलवाल्याचा उचललेला हात बघून आपला हात उचलतो. मागच्यांनी त्याच्याकडे बघायचं, कान सोडून. अरुंद गल्लीत भिंतींचा घुमारा येतो, तिथे तर्री थोडी विरळ ठेवलेली बरी.